सर सध्या संपादन करत आहेत

नांदेडला घराच्या पुढच्या खोलीत बसून मी वेबसाइटची कामं करते. माझ्याकडे येणाऱ्यांना नवीन साइट क्वचितच हवी असते. कुणीतरी बनवून दिलेली, नंतर कुणीच न पाहिलेली, आणि आता उघडता उघडत नाही अशी साइट घेऊन लोक येतात. त्या माणसाचा फोनही असाच आला होता. लातूरहून बोलत होता, तिथं त्याचं पुस्तकांचं दुकान.

"ताई, आमच्या वडिलांची साइट हाय. दहावीच्या भूगोलाची. लई पोरं बघतात. आता परीक्षा जवळ आली अन् साइट उघडतच न्हाई. होस्टिंगवाले म्हणून राहिले, तुमच्या साइटचा सर्व्हरवर लोड येतो, बंद करू."

"वडिलांना विचारून मला जरा..."

"वडील दिवाळीच्या आधीच गेले, ताई."

वडील औशाच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलाकडून संगणक घेतला, साइट बनवायचं वर्डप्रेस शिकले, आणि स्वतः हातानं काढलेले नकाशे स्कॅन करून साइटवर टाकू लागले. साइटवर त्यांचं नाव कुठंच नव्हतं. प्रत्येक लेखाखाली एवढंच असायचं: सर.

मुलानं मला होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवलेल्या भाड्याच्या जागेचा, पासवर्ड दिला. वडिलांच्या खात्याला हात लावायला नको म्हणून मी स्वतःसाठी नवीन खातं तयार केलं आणि त्याला नाव दिलं 'देखभाल'. फोटो लावला नाही. फोटो नसला की वर्डप्रेस त्या जागी करड्या रंगाची माणसाची आकृती दाखवतं. खांदे असतात, डोकं असतं, चेहरा नसतो.

साइट उघडायला टाकली आणि उठून पाणी पिऊन आले, तरी पडदा पांढराच होता. बऱ्याच वेळानं वरून बर्फाचे कण पडायला लागले. औशाच्या भूगोलाच्या साइटवर बर्फ! सरांनी कधीतरी हौसेनं ते प्लगइन, साइटला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं असणार. त्याच्या मागोमाग फिरत्या चित्रांची पट्टी, भेट देणाऱ्यांचा आकडा, घड्याळ, आणि सगळ्यात शेवटी, खाली, तेरणेच्या खोऱ्याचा सुंदर नकाशा.

आत जाऊन पाहिलं तर प्लगइनची यादी संपेना. चित्रं फिरवायला तीन. साइट जलद करायला दोन, आणि ती दोन्ही एकमेकांनी साठवलेली पानं पुसत बसलेली. फॉर्मसाठी चार, आणि फॉर्म एकही नाही. कुठंही काही अडलं की सर एक नवीन प्लगइन घेत असणार. जुनं काढायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, आणखी जड होती. हॉटेलपासून दवाखान्यापर्यंत कुठल्याही धंद्याला चालेल अशी. अशा थीमसोबत नमुन्याची पानं येतात, ती सरांनी आत घेतली होती आणि तशीच लपून राहिली होती. मी ती एकेक उघडत गेले. आमचे आचारी. आमचे दंतवैद्य. आमची टीम. पानापानावर अनोळखी गोरी माणसं दात दाखवून हसत होती. चित्रांच्या साठ्यातही तीच, मांजरा आणि तेरणेच्या नकाशांच्या मधेमधे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि साइट पाहायला येणाऱ्या कुठल्याही पोराला ती दिसत नव्हती, पण रिकाम्या घरात शिरल्यावर आतल्या खोलीत लोक बसलेले दिसावेत तसं मला झालं. मी पंखा कमी केला. थंडी वाजत होती, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

अशा कामाची एक पद्धत असते. आधी पूर्ण साइटची प्रत काढून ठेवायची. मग दुसरीकडे तिची नक्कल उभी करायची आणि तिथं एकेक प्लगइन बंद करून काय कोसळतं ते बघायचं. जे बंद करून काहीच बिघडत नाही, ते खऱ्या साइटवरून काढायचं. काढलं तरी डेटाबेसमध्ये त्याचे तक्ते मागं राहतात, ते नंतर वेगळे पुसावे लागतात. मी बर्फ काढला, घड्याळ काढलं. फिरत्या चित्रांचं एक प्लगइन नक्कलेत बंद केल्याबरोबर बारा लेखांतले नकाशे गेले आणि त्यांच्या जागी चौकटी कंसातले उघडेबोडके शब्द उरले. तिथं नकाशे साध्या चित्रांसारखे पुन्हा बसवले. काम चिकट होतं, पण रोजचंच होतं.

खऱ्या साइटवर पहिला टप्पा करायला गेले तेव्हा दुपार होती. जेवण झालं होतं, गल्लीत सामसूम. मी लेखांची यादी उघडली. वरून तिसऱ्या ओळीत एक अपुरा लेख होता, 'तेरणेचं वळण'. त्याच्यासमोर छोटं कुलूप होतं आणि बाजूला लिहिलं होतं:

सर सध्या संपादन करत आहेत.

मी पान ताजं करून पाहिलं. कुलूप तिथंच.

ही खूण वर्डप्रेस उगाच दाखवत नाही. एकच लेख दोघांनी एकदम बदलू नये म्हणून ती असते. दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावर तो लेख उघडा असतो आणि तिथला ब्राउझर थोड्या थोड्या वेळानं सर्व्हरला कळवत असतो की मी आहे, मी इथं आहे. कळवणं थांबलं की दोन-तीन मिनिटांत कुलूप आपोआप निघतं. म्हणजे ही जुनी खूण चुकून राहिलेली नव्हती. आत्ता, या मिनिटाला, सरांच्या नावानं कुणीतरी तिथं होतं.

मी मुलाला फोन लावला.

"वडिलांचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई. मलाबी न्हाई, म्हणून तर तुम्हाला होस्टिंगचा दिला. का हो?"

"त्यांचा संगणक कुठे असतो?"

"औशाच्या घरी. त्यांच्या खोलीत. तिथं आई एकटीच असते, अन् आई कम्प्युटरला हात लावत न्हाई. तिला ते येतच न्हाई. काय झालं, ताई?"

"काही नाही, बघते," म्हणाले. काय सांगणार होते?

पहिला संशय अर्थातच चोरीचा. जुन्या प्लगइनच्या भोकांतून लोक शिरतात, मी कितीदा पाहिलंय. डेटाबेसमध्ये प्रत्येक खात्याची प्रवेशाची नोंद असते, ती काढली. सरांच्या खात्याची एकच नोंद होती. ती त्यांच्या मृत्यूच्या आधीची होती आणि अजून जिवंत होती. एरवी 'मला लक्षात ठेवा' म्हटलं तरी वर्डप्रेस दोन आठवड्यांनी माणसाला बाहेर काढतं. प्लगइनची यादी पुन्हा चाळली तर तळाशी एक बारीकसं सापडलं: पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारू नये म्हणून प्रवेशाची मुदत वाढवणारं. सरांनी ती वर्षाची करून ठेवली होती.

कुणी नव्यानं आत आलेलं नव्हतं. जो आत होता तो बाहेर गेलाच नव्हता.

एवढ्यावर खरं तर मनाचं समाधान व्हायला हवं होतं. औशाच्या खोलीत संगणक चालू राहिलाय, पान उघडं आहे, संपलं. पण माझं समाधान होईना, कारण मला या कामातली एक गोष्ट माहीत होती. माऊस हलला नाही, कळ दाबली गेली नाही, तर तासाभरानं ब्राउझर कळवणं थांबवतो. सर जाऊन महिने झाले होते. कुलूप दिसतंय याचा अर्थ त्या खोलीत कुणाचा तरी हात हलतोय.

त्यानंतर मी रोज दुपारी बघू लागले. सकाळी कुलूप नसायचं. दुपारी जेवणानंतर ते यायचं, तास-दीड तास राहायचं आणि जायचं. सर्व्हरच्या नोंदीतला पत्ता लातूर भागातल्या इंटरनेटचा होता. आणि लेख न उघडता नुसता वाचायच्या पानावर पाहिला, तर तो बदलत होता.

लेख छोटाच होता. औशाकडची तेरणा, तिचा उतार, काठची माती. शेवटचं वाक्य अर्धं: 'इथं येऊन नदी अचानक दक्षिणेकडे वळते, कारण'. पुढं काही नाही. माझ्या पहिल्या दिवसाच्या प्रतीत ते एवढंच होतं. आता 'कारण'च्या पुढं अक्षरं येत होती. एक दिवस 'ळळळळ'. दुसऱ्या दिवशी नुसत्या वेलांट्या आणि अनुस्वार, अक्षराविना. एकदा मोठी मोकळी जागा आणि तिच्या टोकाला 'य'. बोलायचंय पण जीभ वळत नाही अशा माणसासारखं ते दिसायचं. मी नवऱ्याला दाखवलं. तो हसला नाही. "तू हे काम परत कर त्यांना," म्हणाला.

मी परत केलं नाही. परीक्षा जवळ होती, आणि खरं सांगायचं तर आता मला दुपारची वाट बघण्याची सवय लागली होती. जेवताना माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

मग एके दिवशी उलटं झालं. कुलूप आलं आणि अक्षरं कमी व्हायला लागली. मी पान ताजं करत होते आणि वाक्य मागून खाल्लं जात होतं. आधी ती निरर्थक अक्षरं गेली, मग 'कारण' गेलं, मग 'वळते'. सरांचं शेवटचं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर पुसलं जात होतं. मी घाबरून तो लेख संपादनासाठी उघडला. पडद्यावर चौकट आली: सर सध्या संपादन करत आहेत, तुम्ही ताबा घेऊ इच्छिता का? मी 'ताबा घ्या'वर बोट दाबलं.

कुलूप निघालं. प्रतीतून मूळ वाक्य आणून मी पुन्हा जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्या ओळीसमोरची रिकामी जागा बघवेना. आपण कुणाच्या तरी तोंडावर दार लावलंय असं वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. आवाज दबका होता.

"ताई, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी वडिलांच्या कम्प्युटरचं का विचारलं? आई आता त्या खोलीत जात न्हाई. बाहेरून कडी घातलीय. म्हणते, आत कुणीतरी हाय. जेवण बी धड करत न्हाई. तुम्ही येऊन बघता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर. लातूरच्या स्टँडवर मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता, तिथून औसा. मला काही तरी कळत आलं होतं, पण ते पूर्ण मनात आणायचं धाडस होत नव्हतं.

त्याच्या आई, काकू, ओसरीवर बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या. मी पाया पडले तर म्हणाल्या, "कम्प्युटरवाली म्हणतात ती तूच का, लेकी? बस. चहा घे आधी."

चहा झाल्यावर मी विचारलं, "काकू, तुम्ही त्या खोलीत काय करायच्या?"

त्यांनी मुलाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पुसायची. आधी त्या खोलीत पाऊल टाकवत न्हवतं, आता आताच जायला लागले होते. दुपारचं कामधाम झालं की जायची. त्यांना धूळ चालत न्हवती. ती बटनं फडक्यानं पुसली की काच उजळायची अन् त्यांचं लिहिलेलं दिसायचं. मग तिथंच बसायची घडीभर. बटनावरून हात फिरवत. ते गेले त्या दिवशी सकाळी तेवढंच लिहून उठले होते, च्या घेतो म्हणून. कम्प्युटर चालूच होता, तो कुणी बंद केलाच न्हाई."

"आणि आता का जात नाही?"

काकूंचा आवाज खाली आला. "त्या दिवशी फडक्याखाली कोणतं बटन दबून राहिलं की काय, त्यांचं लिहिलेलं मागं मागं जायला लागलं. मी घाबरले. थांबवावं कसं ते कळंना. अन् एकदम सगळी काच काळवंडली. मधी एक चौकोन आला. त्यात माणूस. नुसतं डोकं अन् खांदे, तोंडच न्हाई त्याला. खाली लिवलं होतं, देखभाल यांनी ताबा घेतला आहे." त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. "मला वाचता येतं, लेकी. ताबा घेतला आहे, असंच लिवलं होतं."

मुलगा माझ्याकडं बघत होता.

"काकू," मी म्हणाले, "तो माणूस मी होते."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. नांदेडला माझ्या पडद्यावर रोज दुपारी सरांचं नाव कसं यायचं, अक्षरं कशी उमटायची, मी जेवण अर्धं टाकून कशी बघत बसायची. वाक्य पुसलं जाताना मी ताबा घेतला आणि ते परत कसं लिहिलं. माझा फोटो नव्हता म्हणून ती बिनचेहऱ्याची आकृती.

काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी तिथं बसलेली तुला तिकडं दिसत होती?"

"तुम्ही दिसत नव्हता. सर दिसत होते. सर लिहीत आहेत असं यायचं."

"अन् तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, सरच आहेत."

काकू हसतील असं मला वाटलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाबी तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तो चौकोन यायच्या आधी."

कडी काढून आम्ही आत गेलो. खोलीत कोंदट वास होता. टेबलावर काच, काचेखाली नकाशाचा कागद, खुर्चीवर घडी केलेलं फडकं. काकू दारातच थांबल्या. मी माऊस हलवला आणि पडदा उजळला. अंधारलेल्या पानावर ती चौकट अजून तशीच होती. माझंच खातं, माझंच नाव, आणि तरी मानेवरून काटा सरकला. तिकडून मी कशी दिसत होते ते मी पहिल्यांदा बघत होते.

चौकट बंद करून मी मूळ वाक्य काकूंना दाखवलं. "बघा, आहे सगळं." त्या दोन पावलं आत आल्या. ओठ हलवत त्यांनी वाचलं. 'कारण'पाशी थांबल्या.

आता अवघड भाग होता. ते मुदत वाढवणारं प्लगइन ठेवता येणार नव्हतं. मालक हयात नसलेलं खातं वर्षभर उघडं ठेवणं म्हणजे दार सताड टाकून गावाला जाणं. ते काढलं आणि सरांचा प्रवेश बंद केला की या संगणकावर हे पान पुन्हा उघडणार नव्हतं, नुसता पासवर्ड विचारला गेला असता. मी ते मुलाला आणि काकूंना दोघांनाही समजावून सांगितलं.

"मग मी काय पुसू?" काकू म्हणाल्या.

त्याच खोलीत बसून मी त्या लेखाचं साधं पान बनवलं, सरांच्या अक्षरांचं, अर्ध्या वाक्यासकट, आणि त्या संगणकातच ठेवलं. संगणक सुरू झाला की आपोआप तेच उघडेल अशी सोय केली. कळा दाबल्या तरी त्यातलं काही हलणार नव्हतं. मग माझ्या लॅपटॉपवरून सरांचा प्रवेश बंद केला आणि ते प्लगइन काढून टाकलं.

काकू खुर्चीवर बसल्या. फडकं उचललं, कळांवरून हळूच फिरवलं. पडद्यावर काहीच झालं नाही.

"आता तिकडं कुणाला दिसत न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. आता हे फक्त इथंच आहे."

त्यांनी मान हलवली. बऱ्या झालेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या. बोलता बोलता फोन मधेच कट झाल्यावर माणूस जसा हातातल्या फोनकडे बघतो, तशा त्या पडद्याकडे बघत होत्या.

बाकीचं काम नांदेडला येऊन पुरं केलं. जुन्या थीमच्या जागी हलकी थीम आणली, आचारी आणि दंतवैद्य साठ्यातून काढले, नकाशांचा आकार कमी केला, मागं राहिलेले तक्ते पुसले. प्लगइन आठ उरले. साइट डोळ्याची पापणी लवते तोवर उघडायला लागली. परीक्षेच्या आठवड्यात मुलाचा फोन आला, "ताई, पोरं लई खूश हायत. होस्टिंगवाल्यांचा मेल बी बंद झाला."

"आणि आई?"

"बरी हाय. खोलीची कडी काढलीय. पण कम्प्युटर बंद करून टाक म्हणाली. त्यावर कापड घातलंय. विचारलं तर म्हणते, त्यात आता कुणी न्हाई."

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी साइटच्या आत गेले. काही काम नव्हतं. लेखांची यादी झटकन उघडली. 'तेरणेचं वळण' वरून तिसऱ्या ओळीत होता. समोर काहीच नव्हतं. मी पान ताजं केलं, थोडं थांबून पुन्हा केलं. मग लॅपटॉप मिटला, पण बराच वेळ तिथून उठले नाही.